कंसातली नावं

गेल्या दिवाळी अंकातला माझा महाळुंग्यावरचा लेख वाचून बऱ्याच जणांनी एकच विचारलं: कारखान्यांवर लिहायला गेलात आणि बहिणींच्या हिश्श्यावर कसे आलात? त्याचं उत्तर लेखात नाही, लेख कसा झाला त्यात आहे.

संपादकबाईंनी आषाढात फोन केला तेव्हाची मागणी सरळ होती. चाकण पट्ट्यातलं एक गाव घ्या, शेती जाऊन कारखाने कसे आले ते सांगा. खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे निवडलं, कारण बजाजचा दुचाकींचा कारखाना १९९९ साली सुरू झाला तो याच गावच्या हद्दीत, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आजूबाजूला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र असे सगळे येत गेले. गावातली साठीच्या पुढची माणसं दोन्ही काळ पाहिलेली आहेत. त्यांच्याशी बोलायचं, थोडी कागदपत्रं बघायची आणि गणपतीच्या आत लेख द्यायचा, असा हिशेब होता.

कात्रणांपासूनच घोळ सुरू झाला. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारचं एक, आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ दुसरं, आणि आमचं तिसरं. ‘महाळुंगे येथील शेतकऱ्यांचा भूसंपादनाला विरोध’ असं कात्रण हाती आलं की आधी तालुका बघायचा, आणि तालुका दिलेला नसेल तर बातमीत निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे यांपैकी एखादं शेजारगाव आहे का ते शोधायचं. नसेल तर कात्रण बाजूला. असा बराच गठ्ठा बाजूला गेला आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

गावात बोलायला बसलं की सगळे जमिनीच्या दरावर येत. तो विषय मोठा आहे, पण त्यावर प्रत्येकाचं म्हणणं ठरलेलं असतं आणि ते आधीच छापून आलेलं असतं. एका घरी तात्यांनी जुना हस्तलिखित सात-बारा दाखवायला काढला, तो पीक दाखवण्यासाठी. “बघा, बाजरी, हरभरा, भुईमूग. काय नव्हतं इथं!” मी खालचा पिकांचा तक्ता वाचत होतो. तलाठी कधीकधी शेतात न जाता मागच्या वर्षीचंच पीक उतरवतो, म्हणून त्या तक्त्यावर फार विसंबायचं नसतं, हे डोक्यात होतं. तेवढ्यात नजर वर गेली. कब्जेदारांच्या रकान्यात सहा नावं होती. तीन मोकळी, तीन कंसात. कंसातली तिन्ही बायकांची. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक.

सात-बारावर नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झालं. कशानं झालं हे त्या क्रमांकाच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहिलेलं असतं. तात्यांना विचारलं तर ते सहज म्हणाले, “बहिणी. त्यांनी हक्कसोड दिलं.” आणि पुन्हा बाजरीवर आले.

आजचा संगणकीकृत उतारा काढला तर त्यात या तिघींचा मागमूस नाही. हस्तलिखित सात-बारा साधारण दर दहा वर्षांनी नव्यानं लिहिला जाई आणि त्या वेळी फक्त चालू नावं पुढच्या पानावर येत. कंसातलं नाव जुन्या पानावरच राही. म्हणजे कुणी बहीण कधी कब्जेदार होती हेच आज संगणकावर उतारा बघणाऱ्याला कळणार नाही. हे लक्षात आलं आणि लेखाचा विषय बदलला. संपादकबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, “एका घराची गोष्ट असेल तर ती गोष्ट झाली. लेख व्हायचा तर आणखी घरं दाखवा.”

दुसऱ्यांच्या घराचे जुने सात-बारा बघायला परवानगी लागत नाही. अभिलेख सार्वजनिक आहे, गट नंबर माहीत असला की झालं. पुणे जिल्ह्यातले पुष्कळ जुने फेरफार स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावर आले आहेत. जे नीट वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी राजगुरुनगरला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. तिथले कारकून तुम्हाला कुठल्या जमिनीचा दावा लावायचाय असं समजूनच बोलतात. लेख लिहायचाय म्हटल्यावर संशय आणखी वाढतो.

बऱ्याच गटांत एकच क्रम दिसला. आधी वारसनोंद: वडील वारले, मुलगे आणि मुली सगळ्यांची नावं लागली. मग हक्कसोड: मुलींची नावं कमी. मग ‘इतर हक्क’ या रकान्यात औद्योगिक क्षेत्राची नोंद, आणि शेवटी कब्जेदार म्हणून महामंडळ. मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून दिला, तोही तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. देशभर तो २००५ साली आला. चाकणचं संपादन नेमकं या काळातलं. पण हक्कसोड काही चाकणपुरतं नाही, ते सगळ्या महाराष्ट्रात होतं. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरला: सही झाली तेव्हा जमिनीचे पैसे येणार हे घरात माहीत होतं का?

फेरफारावरून हे सांगता येत नाही. फेरफाराची तारीख ही नोंद घातल्याची तारीख, मूळ घटनेची नव्हे. दस्त आज झाला आणि नोंद वर्षानं झाली असं सर्रास होतं. संपादनाचंही तसंच. १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याच्या कलम ३२ खाली आधी मालकाला नोटीस येते, हरकत ऐकली जाते, मग राजपत्रात अधिसूचना निघते आणि त्या दिवशी जमीन शासनाची होते. सात-बारावर ते उमटायला आणखी वेळ जातो. फेरफार एकापुढे एक मांडले तर जो क्रम दिसतो तो नोंदींचा, घडलेल्या गोष्टींचा नाही.

तात्यांच्याच घराचं सांगतो. त्यांचं म्हणणं, हक्कसोड फार आधीचं, किल्लारीच्या भूकंपाच्या आसपासचं, आणि नोटीस त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. फेरफारांचा क्रमही त्यांच्या बाजूनं होता, आधी हक्कसोड, मग महामंडळ. पण हक्कसोडपत्र नोंदवलेलं असल्यामुळे दुय्यम निबंधकांकडे त्याची सूची क्रमांक दोन मिळते. त्यात दस्ताची तारीख असते. आणि नोटीस तात्यांनीच पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. नोटीस होती दिवाळीनंतरची. दस्त होता पुढच्या चैत्रातला.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून तारखा पाहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाले, “असेल. पण तेव्हा दर कुठं ठरला होता? किती मिळणार हे कुणाला ठाऊक?” हे खरं आहे. मोबदल्याचा दर नोटिशीत नसतो. तो वाटाघाटीनं, संमतीनं पुढे ठरतो, नाहीतर निवाडा होतो. त्यांचं हे वाक्य लेखात जसंच्या तसं ठेवलं, आणि माझ्या मते लेखातलं ते सर्वांत वजनदार वाक्य आहे. नोटीस घरात होती हे कागद सांगतो. मनात काय होतं हे कुठलाच कागद सांगत नाही.

त्यांची मधली बहीण शिरूर तालुक्यात दिली आहे. त्या मावशी पहिल्यांदा बोलायलाच तयार नव्हत्या. मुलगा घरात असताना एक शब्द नाही. तो दूध घालायला गेला तेव्हा म्हणाल्या, “सही मागितली, दिली. न देऊन रक्षाबंधनाला कुठं जाणार होते मी?” नोटिशीबद्दल विचारलं तर हात हलवून विषय बंद केला. नंतर मजकूर वाचून दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी एक वाक्य काढायला लावलं. भावजयीबद्दलचं होतं. काढलं. ते वाक्य फार चांगलं होतं, पण माहेरी त्यांना जायचं होतं, मला नव्हे.

पहिला खर्डा अंकाला हव्या असलेल्या शब्दांच्या दुपटीला गेला. कारखान्यांचा इतिहास, तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी, भाड्याच्या खोल्यांची रांग, सगळं त्यात होतं. संपादकबाईंनी पहिली चार पानं तिरकी रेघ मारून काढली आणि कब्जेदारांच्या रकान्यापासून लेख सुरू केला. खोल्यांवरच्या भागासाठी त्यांनी आकडा मागितला: गावात बाहेरचे कामगार किती राहतात? हाताशी शेवटची जनगणना २०११ ची. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नमुना आठमध्ये बांधकाम आणि कर कळतो, आत किती माणसं झोपतात ते नाही. मतदार यादीत बहुतेक जण गावाकडचेच. आकडा मिळत नाही तर तो भाग नको, असं त्यांनी ठरवलं. मला तो राहायला हवा होता, अजूनही वाटतं. पण अंदाजाचा आकडा एकदा छापला की पुढचे दहा लेखक तोच उचलतात, हे त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

मग कात्री ओळखीवर चालली. गट नंबर छापला की कुणीही घरबसल्या उतारा काढून कुटुंबाचं नाव बघू शकतो, म्हणून सगळे गट नंबर गेले. वाडीचं नाव गेलं. क्षेत्रही गेलं, कारण गावात कुणाचं किती गेलं हे तोंडपाठ असतं. नोटिशीचं आणि दस्ताचं साल काढून फक्त ‘दिवाळीनंतर’ आणि ‘पुढच्या चैत्रात’ एवढं ठेवलं. अंतर कळलं की युक्तिवाद उभा राहतो, त्याला साल लागत नाही. बदललं मात्र काहीच नाही. तीन बहिणींच्या दोन करा असं एकानं सुचवलं होतं. ते बाईंनीच नाकारलं. लपवायचं तेवढं लपवा, खोटं काही घालू नका.

एका शब्दावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. माझ्या खर्ड्यात होतं, ‘मोबदल्यापूर्वी बहिणींची नावं काढून टाकण्यात आली.’ अंकाच्या वकिलांनी ‘काढून टाकण्यात’वर बोट ठेवलं. कुणी काढली? दस्त नोंदणीकृत आहे, सही तिची आहे, निबंधकांपुढे झाली आहे. छापलं ते असं: ‘नोटीस आल्यानंतर आणि मोबदला ठरण्यापूर्वी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या.’ पहिल्या वाक्यात जोर होता. दुसऱ्यात तीन तारखांचा क्रम आहे आणि त्यातली एकही कुणाला नाकारता येत नाही.

अंक निघाल्यावर तात्यांना प्रत नेऊन दिली. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र झाला. नंतर फोन आले ते बहुतेक बायकांचे, मावळातून, शिरूरहून, एक थेट सोलापूरहून. त्यांना लेखाबद्दल बोलायचं नव्हतं. आपलं नाव कधी लागलं होतं का, हे कसं बघायचं, एवढंच विचारायचं होतं. मी सगळ्यांना तेच सांगितलं: आजचा उतारा पाहू नका. वडील वारले ते साल आठवा, त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली वारसनोंद मागा, आणि तिच्यानंतरचा जुना हस्तलिखित सात-बारा काढा. फेरफारात नोंदवलेला दस्त दिसला तर सूची क्रमांक दोन घ्या. सोलापूरच्या बाईंनी गट नंबर विचारायला भावालाच फोन करावा लागेल का, असं विचारलं. नाही, म्हटलं, संकेतस्थळावर गाव निवडून वडिलांच्या नावानंही शोधता येतं.