गारांच्या माऱ्यात कळप

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि मध्य महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट झाली. पिकं झोपली, तशी उघड्यावरची जनावरंही मेली. त्या दिवसांतला माणदेशातला एक मेंढपाळ कल्पनेनं डोळ्यांपुढे आणू. शंभरेक मेंढरं, एक कुत्रं, खांद्यावर घोंगडं आणि दुपारी तीनची वेळ. कळप डोंगराच्या माथ्यावर चरतोय.

सकाळपासून मरणाचं उकडत होतं. पश्चिमेला ढग उभाच्या उभा चढला. मग वारा पडला आणि एकाएकी गार झोत अंगावर आला. हा झोत म्हणजे ढगातून खाली कोसळणारी थंड हवा. तो आला की हातात मिनिटंच उरतात. वाडा तासाभराच्या वाटेवर आणि वाट सगळी उघड्या दांडावरून. म्हणून तो वाड्याचा नाद सोडतो.

माथ्यावर एकच लिंब आहे. गारा त्याच्या फांद्या थोड्याफार अडवतील, पण विजेचं काय? एकट्या झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते आणि बुडाशी दाटलेली अर्धीअधिक मेंढरं एका क्षणात आडवी करू शकते. खाली ओढ्याची घळ आहे. तिथं वारा लागत नाही, मात्र वर कोसळलेलं पाणी तिथूनच लोंढ्यानं येणार. तो मधली जागा धरतो: माथ्याच्या बराच खाली, ओढ्याच्या बराच वर, वाऱ्याच्या आडोशाचा तरवडाचा उतार.

खरी परीक्षा गारा सुरू झाल्यावर. मार बसला की मेंढरं वाऱ्याबरोबर उताराला धावतात आणि घळीत एकमेकांवर पडून गुदमरतात. गारांपेक्षा ही चेंगराचेंगरी जास्त जीव घेऊ शकते. म्हणून तो कुत्र्यासह कळपाच्या खालच्या अंगाला जातो. घोंगड्याची चौपदरी घडी डोक्यावर घेतो, पाय जुळवून उकिडवा बसतो आणि ओळखीची हाळी देत राहतो. मेंढरं दाटतात, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालतात.

दहा-पंधरा मिनिटांत गारा थांबतात. आता धोका गारठ्याचा. तो कोकरांच्या तोंडात बोट घालून बघतो. तोंड गार लागलं आणि कोकरू बोट चोखेना, तर दूध पाजायचं नाही, कारण ते फुप्फुसात जाऊ शकतं. आधी अंग कोरडं चोळायचं, छातीशी धरून ऊब द्यायची, चोखायला लागलं की मग आईच्या सडाला लावायचं. नुकतीच लोकर कातरलेली मेंढरंही अशीच कुडकुडतात. त्यांना तो कळपाच्या मध्ये घालतो.

चार मेंढरं आणि दोन कोकरं गेली आहेत. त्यांना लगेच पुरावं असं त्याला वाटतं, पण पंचनाम्याशिवाय मदत मिळणं कठीण. तो मेलेली जनावरं झुडपाच्या फांद्यांनी झाकतो, कुत्र्याला राखणीला बसवतो आणि तलाठ्याला फोन लावतो.