इस्त्रीची वायर प्लगमधून निसटते तेव्हा

इस्त्री झाली की प्लग न धरता वायरच ओढायची, ही सवय घरोघरी आहे. कालांतराने प्लग टॉपमधून चरचर आवाज येऊ लागतो, एखादी पिन चटका बसेल इतकी तापते. मग कुणीतरी आतला स्क्रू आवळून देतो आणि काम भागतं. दोष मात्र तिथे नसतोच. वायर प्लगबाहेर पडते त्या तोंडाशी दोन स्क्रूंची एक पट्टी असते. तिच्याखाली वायरचं जाड बाहेरचं आवरण दाबलेलं असायला हवं. ते नसलं, की प्रत्येक झटका थेट तांब्याच्या तारांवर बसतो.

दुरुस्तीआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून काढावा लागतो. वायरचा काळा पडलेला भाग कापून टाकायचा, आत लखलखीत तांबं दिसेपर्यंत. बाहेरचं आवरण साधारण चार सेंटिमीटर सोलायचं, आतल्या प्रत्येक वायरचं टोक फक्त एक सेंटिमीटर. सुती विणीची वायर असेल तर विणीखालचं रबरही पट्टीत आलं पाहिजे. नुसतं कापड धरलं तर वायर पुन्हा सरकते.

हिरवी-पिवळी वायर वरच्या जाड, लांब अर्थ पिनला. तपकिरी एल खुणेला, निळी एन खुणेला. जुन्या वायरींत हीच जोडी लाल आणि काळी असते, अर्थ हिरवी. अर्थची वायर आत थोडी लांब, सैल ठेवायची. पट्टी कधी दगा देऊन वायर ओढली गेलीच, तर फेज आधी सुटावा आणि अर्थ सर्वांत शेवटी, हा त्यामागचा हिशोब.

तारा घट्ट पिळून स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने वळवल्या, की आवळताना त्या आत ओढल्या जातात. सोल्डर मात्र लावायचं नाही. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड पुन्हा सैल होतो. एकही तार बाहेर राहता कामा नये. फेजची सुटी तार अर्थला टेकली आणि पुढे अर्थिंग तुटलेलं असलं, तर इस्त्रीच्या पत्र्यातच करंट उतरतो.

बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटर लावावा. अर्थ पिन आणि इस्त्रीचा उघडा धातू यांच्यात बझर वाजला पाहिजे. अर्थ पिन आणि बाकीच्या दोन पिनांत वाजता कामा नये. थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवून त्या दोन पिनांमध्ये 1000 वॅटच्या इस्त्रीला सुमारे 50 ओहम दिसतात.

ही इस्त्री साडेचार अँपिअरही घेत नाही, तिला 6 अँपिअरचा प्लग पुरतो. 2000 वॅटच्या गीझरला 16 अँपिअरचाच हवा. पिना हलत असतील किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल, तर तोच प्लग पुन्हा जोडण्यात अर्थ नाही. एकसंध साच्याचा प्लग तर उघडतच नाही. तो कापून आयएसआय खुणेचा नवा बसवावा लागतो.