मुदत ठेवीची मुदतपूर्व मोड

मुदत ठेव ठरलेल्या काळाआधी मोडल्यास करारातील व्याजदर मिळत नाही. ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली, त्या काळासाठी ठेवीच्या दिवशी लागू असलेला दर धरून त्यातून बँक दंड वजा करते. दंडाचे प्रमाण प्रत्येक बँक ठरवते.

उदाहरणार्थ, माहीममधील एखाद्या ठेवीदाराने १,००,००० रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले व एका वर्षाने मोडले. ठेवीच्या दिवशी एका वर्षाचा दर ६.५ टक्के आणि दंड १ टक्का असल्यास लागू दर ५.५ टक्के होतो. ६ टक्के नव्हे. तिमाही चक्रवाढीने व्याज सुमारे ५,६१४ रुपये, म्हणजे प्रत्यक्ष परतावा ५.६१ टक्के. मूळ दराने वर्षभरात ७,१८६ रुपये जमले असते. तोटा १,५७२ रुपयांचा.