कॉफी पावडरच्या वेष्टनावरील चार नोंदी : अर्थ आणि परस्परसंबंध

कॉफी पावडरच्या वेष्टनावर सामान्यतः चार नोंदी आढळतात : भाजणीची पातळी, चिकोरीचे प्रमाण, दळणाचा जाडपणा आणि पावडर कोणत्या पद्धतीच्या कॉफीसाठी योग्य आहे याचा निर्देश. या नोंदी स्वतंत्र नसून पहिल्या तिन्हींचा अर्थ चौथीच्या संदर्भातच स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीच्या आधारे हा संबंध स्पष्ट केला आहे.

उदाहरणादाखल ‘मध्यम-गडद भाजणी, कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के, मध्यम-बारीक दळण, साउथ इंडियन फिल्टरसाठी’ ही नोंद घेऊ. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे वाळवून भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नसते. मात्र ती कॉफीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पाण्यात विरघळते. भाजलेल्या कॉफीचा विद्राव्य अंश सुमारे ३० टक्के असतो, तर चिकोरीचा ५५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे २० ग्रॅम पावडरीतील १४ ग्रॅम कॉफीतून फार तर ४.२ ग्रॅम, तर ६ ग्रॅम चिकोरीतून ३.३ ग्रॅम द्रव्य पाण्यात उतरू शकते. वजनाने ३० टक्के असलेली चिकोरी विरघळलेल्या द्रव्याचा जवळजवळ निम्मा भाग व्यापते. म्हणूनच दाट, काळसर डिकॉक्शन हा अधिक कॉफीचा पुरावा ठरत नाही. रंगावरून भाजणीची पातळी ओळखणेही येथे फसवे ठरते, कारण गडद भाजणी आणि चिकोरी या दोन्हींमुळे रंग व कडवटपणा वाढतो.

दळणाचा संबंध पाणी आणि पावडर यांच्या संपर्ककाळाशी आहे. धातूच्या फिल्टरमध्ये गरम पाणी केवळ स्वतःच्या वजनाने हळूहळू झिरपते. दळण जाड असल्यास पाणी लवकर निसटते व डिकॉक्शन पातळ उतरते. अतिबारीक असल्यास छिद्रे बुजून थेंब पडणे थांबते. हीच पावडर फ्रेंच प्रेसमध्ये वापरल्यास बारीक कण जाळीतून सुटून कपात गाळ उतरतो. त्या पद्धतीसाठी जाड दळणच हवे.

भारतीय अन्नमानकांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्ही घटकांचे प्रमाण वेष्टनावर नमूद करणे बंधनकारक आहे. चिकोरीचे अस्तित्व घरीही तपासता येते. थंड पाण्याच्या ग्लासात पावडर हलकेच भुरभुरावी. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरीचे कण तपकिरी रेघ सोडत लवकर तळाशी जातात. मात्र या चाचणीने केवळ भेसळ किंवा मिश्रण असल्याचे समजते, त्याचे प्रमाण नव्हे. इन्स्टंट कॉफी पाण्यात विरघळत असल्याने तिला ही चाचणी लागू पडत नाही.

सारांश, वेष्टन वाचताना प्रथम आपल्याकडील साधन, मग दळण आणि त्यानंतर चिकोरीची टक्केवारी पाहावी. दोन पावडरींच्या किमतींची तुलनाही एकूण वजनावर न करता त्यांतील कॉफीच्या वजनावर करणे अधिक न्याय्य ठरते.