ऑगस्ट ते एप्रिल : एका मुलाच्या वाचनाचे चार ईमेल

शैक्षणिक वर्ष संपलं, निकाल लागले. पाचवीच्या वर्गशिक्षिकेकडे द्यायचे कागद लावताना, माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईवडिलांना वर्षभरात पाठवलेले चार ईमेल मी ओळीने वाचून काढले. मुलाची अडचण घरी कळवायची तर नेमकं काय लिहायचं, हे मला या चार ईमेलमधून पुन्हा एकदा स्पष्ट दिसलं.

जूनमध्ये हा मुलगा वर्गात आला तेव्हा त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘गणितात अधिक सरावाची गरज’ आणि ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ अशा दोन वर्णनात्मक नोंदी होत्या. घरच्यांनी त्यातली पहिली मनावर घेऊन त्याला गणिताची शिकवणी लावली होती. तोंडी हिशेबात मात्र तो वर्गातल्या कुणाला हार जात नव्हता. त्यामुळे घरी काही लिहिण्याआधी मला दोन गोष्टी तपासून बघायच्या होत्या.

पहिली शाब्दिक उदाहरणं. सहा उदाहरणं त्याने स्वतः वाचून सोडवली, त्यातली दोन बरोबर आली. पुढच्या आठवड्यात त्याच धाटणीची दुसरी सहा मी त्याला वाचून दाखवली, त्यातली पाच बरोबर आली. म्हणजे गणित त्याला येत होतं, तो अडत होता वाचनात. दुसरी तपासणी वाचनाची. तिसरीच्या पातळीचा, त्याने आधी न पाहिलेला उतारा त्याला एक मिनिट मोठ्याने वाचायला दिला. बरोबर वाचलेले शब्द ३१ भरले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. नुसत्या आकड्यापेक्षा चुका मात्र जास्त बोलक्या होत्या. ‘सूर्य’चा ‘सूय’, ‘वर्ग’चा ‘वग’, ‘प्रकाश’चा ‘पकाश’. काना, मात्रा, वेलांट्या जवळजवळ सगळ्या बरोबर. अडत होतं ते र जोडून आलेल्या अक्षरांवर, आणि असा शब्द आला की तो इतका थबकायचा की वाक्याचा आधीचा भाग हातातून निसटायचा.

ऑगस्टअखेरच्या ईमेलमधला मुख्य भाग असा होता :

‘तो ऐकलेली गोष्ट क्रम न चुकता सांगतो आणि वाचून दाखवलेली सहापैकी पाच उदाहरणं सोडवतो. स्वतः वाचून मात्र दोनच सुटतात, म्हणून अडचण गणितापेक्षा वाचनात आहे असं मला वाटतं. सूर्य, प्रकाश यांसारख्या शब्दांवर तो अडतो. शाळेत मी रोज दहा मिनिटं याच अक्षरांवर काम घेते आहे. घरी रोज दहा मिनिटं एक छोटा परिच्छेद आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. अडला तर मनात पाचपर्यंत मोजा आणि मग शब्द सांगून टाका. फळ्यावरचं उतरवताना तो डोळे बारीक करतो, तेव्हा डोळे एकदा तपासून घ्यावेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा वाचन घेऊन कळवते.’

सुरुवातीला जमेची बाजू लिहिली ती कडू गोळी गोड लागावी म्हणून नाही. ऐकून समजतं आणि वाचून समजत नाही, हा फरकच त्या मुलाच्या अडचणीचा पत्ता होता. ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ किंवा ‘वर्गात मागे आहे’ यांतलं काही त्या ईमेलमध्ये नव्हतं, कारण अशा शब्दांवर घरी करण्यासारखं काही नसतं, मुलाला बोलणी तेवढी बसतात. घरासाठी कामही एकच दिलं होतं. पाच कामं दिली की एकही नेमाने होत नाही. शिकवणीचं काय करायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ती दिवाळीपर्यंत ठेवली आणि मग थांबवली.

सप्टेंबरमध्ये त्याला चष्मा लागला. फळ्यावरून उतरवणं लगेच सुधारलं, वाचन मात्र होतं तिथेच राहिलं. त्यामुळे दोन्ही अडचणींची कारणं वेगळी आहेत हे कळलं. ऑक्टोबरमध्ये शब्द ३३ भरले. शाळेत घेतलेली अक्षरं सुटी वाचताना पक्की होती, उताऱ्यात डगमगत होती. घरचं वाचन होत नसल्याची ही खूण होती. दुसऱ्या ईमेलमध्ये मी आकडा दिला आणि एवढंच विचारलं, ‘घरी दहा मिनिटं कोणत्या वेळी जमतात, काय अडचण येते?’ आईचं उत्तर आलं, ‘मॅडम, आम्ही दोघं घरी येईपर्यंत रात्र होते. तोही दमलेला असतो, वाचायला बसवलं की रडारड होते.’ उपाय त्याच उत्तरात होता. आजी दुपारी घरी असायच्या. वाचन दुपारच्या जेवणानंतर आजीजवळ ठेवलं, आणि जोडाक्षरं कमी असलेली गोष्टींची पुस्तकं मी शाळेच्या वाचनालयातून पाठवू लागले.

डिसेंबरात ४४ शब्द. रफार आता पक्का झाला होता, ‘राष्ट्र’सारख्या शब्दांवर तो अजून अडायचा. लेखन मात्र तसंच होतं. वाचता येणारा शब्दही लिहिताना अक्षर गाळून यायचा. तिसरा ईमेल गेल्यावर वडिलांनी विचारलं, ‘मॅडम, याला डिस्लेक्सिया आहे का?’ त्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणं वर्गशिक्षिकेच्या अधिकारातलं नाही. निदान तज्ज्ञ चाचण्या घेऊन करतात. मी लिहिलं ते एवढंच, की नेमाने सराव होऊनही वाचन आणि लेखन यांत असं अंतर राहत असेल, तर तपासणी करून घेणं शहाणपणाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. सोबत त्याच्या लेखनाचे तीन नमुने, प्रत्येकावर तारीख घालून जोडले, म्हणजे तपासणाऱ्याला नुसत्या मतापेक्षा पुरावा मिळेल. शिक्का बसेल ही वडिलांची भीती खरी होती, म्हणून निर्णयाची घाई केली नाही. त्या विषयावर ईमेल न लांबवता दोघांना शाळेत बोलावून समोरासमोर बोलले.

मार्चअखेर शब्द ५६ भरले आणि स्वतः वाचून सहापैकी पाच उदाहरणं सुटली. चौथ्या ईमेलमध्ये हे लिहिलं आणि राहिलेलंही त्याच स्पष्टपणे लिहिलं. ६० ही तिसरीची अपेक्षा आहे आणि तो चौथी संपवतो आहे. श्रुतलेखनात दहापैकी चार शब्द अजून चुकतात. पाचवीत परिसर अभ्यासाचे धडे लांब होतील, तेव्हा वाचनाचा वेग पुन्हा कमी पडू शकतो. सुट्टीत आजीजवळचं वाचन चालू ठेवायचं आणि मे महिन्यात तपासणी करून घ्यायची, असं आईवडिलांनी ठरवलं आहे.

त्यांच्या संमतीने हे चारही ईमेल आणि लेखनाचे नमुने आता पाचवीच्या फाइलमध्ये आहेत. त्या मुलाला कोणता शब्द अडतो, कोणता उपाय लागू पडला आणि कोणता नाही, हे पुढच्या बाईंना जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाऊक असेल. त्यांना सुरुवात ३१ पासून नाही, ५६ पासून करायची आहे, आणि पहिलं काम आहे श्रुतलेखनाचं.