न दिलेल्या नंबरवर पहिला मेसेज

व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला की तो उघडण्याआधी पडद्यावर नावाच्या जागी नंबर आणि मजकुराची पहिली एक-दोन वाक्ये दिसतात. चॅट उघडली की पाठवणारा संपर्कयादीत नसल्याची सूचना येते आणि तिच्याबरोबर त्याला ब्लॉक करण्याची किंवा त्याची तक्रार करण्याची सोयही समोर येते. दुकानदाराच्या दारात आलेल्या विक्रेत्याला निदान दोन वाक्ये बोलायला मिळतात. इथे ओळख पटण्याआधीच घरमालकाच्या हातात कडी असते. तक्रार केली तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात आणि पाठवणाऱ्याला त्याची खबर मिळत नाही. तक्रारी वाढत गेल्या तर खाते बंद होऊ शकते आणि जुन्या गिऱ्हाइकांशी चालू असलेला व्यवहारही त्याबरोबर तुटतो.

व्यवसायांसाठी व्हॉट्सॲपने जे धोरण ठरवले आहे ते याहून कडक आहे. ज्याने स्वतःचा नंबर दिला आहे आणि मेसेज घ्यायला होकार दिला आहे, त्यालाच व्यवसायाने मेसेज पाठवावा, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे नंबर न दिलेल्या माणसाला एकदम मेसेज पाठवणे हा शिष्टाचाराचाच नव्हे, नियमाचाही भंग ठरतो. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉल आणि एसएमएसविरुद्ध लोक ज्या 'डीएनडी' नोंदीचा आधार घेतात, ती नोंद व्हॉट्सॲपला लागू होत नाही. तिथे अडवणारी यंत्रणा नाही, म्हणून परवानगी आहे, असा समज काही विक्रेते करून घेतात. तो चुकीचा आहे.

मग प्रश्न उरतो तो नंबर कुठून आला याचा. दुकानाच्या पाटीवर मालकाने स्वतः लिहिलेला नंबर ही एक गोष्ट. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ग्राहकांच्या तक्रारींसाठी छापलेला नंबर ही दुसरी. एखाद्या ग्रुपच्या सदस्यांच्या यादीतून उचललेला नंबर ही तिसरी. पाटीवरचा नंबर धंद्याच्या चौकशीसाठीच असतो, म्हणून त्यावर फोन करून विचारणे रास्त आहे. पाकिटावरचा नंबर तक्रारीसाठी असतो. त्यावर कच्च्या मालाचा भाव पाठवणे म्हणजे चुकीची खिडकी ठोठावणे. ग्रुपमधला नंबर सदस्याने फक्त त्या ग्रुपपुरता उघड केलेला असतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, माणसाने स्वतः जगजाहीर केलेली माहिती आणि इतर माहिती यांत फरक केलेला आहे. कायद्याचे कलम माहीत नसले तरी हा फरक समोरच्याला लगेच जाणवतो. 'माझा नंबर कुठून मिळाला?' हा त्याचा पहिला सवाल असतो आणि त्याचे उत्तर सांगायला संकोच वाटणार असेल, तर तो मेसेज पाठवूच नये.

सर्वांत स्वच्छ वाट मध्यस्थाची आहे. भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक लघुउद्योजक आहे असे धरू. देवगडच्या एका हापूस बागायतदाराला त्याला खोकी विकायची आहेत. बागायतदाराचा नंबर त्याच्याकडे नाही, पण त्याच भागातला एक जुना गिऱ्हाईक बागायतदाराला ओळखतो. त्या गिऱ्हाइकाकडून नंबर घेऊन थेट मेसेज टाकणे सोपे असते, आणि नेमके तेच टाळायचे असते. गिऱ्हाइकाने आधी बागायतदाराला विचारावे: 'भोसरीचे खोकेवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना तुमचा नंबर देऊ का, ते व्हॉट्सॲपवर लिहितील.' होकार आला तरच नंबर पुढे जातो. एका दिवसाचा उशीर होतो, पण मेसेज पोहोचतो तेव्हा तो अनोळखी राहिलेला नसतो.

वेळही आधीच पाहावी लागते. हापूसचा मोठा हंगाम मार्च ते मे. त्या काळात बागायतदार तोडणी, वर्गवारी आणि गाड्या भरण्यात बुडालेला असतो आणि खोकी तेव्हा आधीच घरात आलेली असतात. खोक्यांचा विचार त्याच्या मनात येतो तो झाडे मोहरलेली असताना. म्हणून मेसेज जानेवारीत, कामाच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास जावा.

आता मजकूर. सर्रास जाते ते असे: 'हाय सर', मग काही वेळाने 'एक मिनिट बोलू शकतो का?', मग मोठी पीडीएफ, मग व्हॉइस मेसेज. पहिल्या दोन शब्दांत काहीच कळत नाही आणि फोन मात्र चार वेळा वाजतो. एकाच मेसेजात, आपले नाव सांगून, पुढचे लिहिले तर काम होते:

'नमस्कार. भोसरीला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. आपल्या ओळखीच्या कणकवलीच्या बागायतदारांनी आपल्याला विचारून हा नंबर दिला. दोन डझन आंब्यांसाठी हवेची भोके असलेले खोके आम्ही बनवतो. यंदाची खोकी अजून ठरली नसतील तर नमुन्याचे एक खोके पाठवू का? नको असल्यास फक्त 'नको' लिहावे, पुन्हा मेसेज येणार नाही.'

प्रत्यक्ष मेसेजात मध्यस्थाचे नाव स्पष्ट लिहावे, कारण सगळा भरवसा त्या नावावर उभा असतो. पडद्यावर आधी दिसणाऱ्या ओळींतच कोण आणि कुठून हे कळते. भाव लिहिलेला नाही, कारण अजून कुणी विचारलेला नाही. प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. शेवटचे वाक्य विक्रेत्यांना जड जाते, पण ते असावेच. नकाराची सोपी वाट दिली की माणूस ब्लॉकचे बटण शोधत नाही. फोटो, लिंक आणि कॅटलॉग होकारानंतर पाठवावेत. न सांगता फोन करणे किंवा एखाद्या ग्रुपमध्ये सामील करून घेणे तर अजिबात नको.

उत्तर न आल्यास दोन निळ्या टिकांवरून निष्कर्ष काढू नये. वाचून बाजूला ठेवणे हा समोरच्याचा हक्क आहे आणि 'आपण वाचले, पण उत्तर नाही' असे लिहिणे म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखे होते. एकच टिक बराच काळ राहिली तर फोन बंद असेल, रेंज नसेल किंवा ब्लॉकही केले असेल. बाहेरून त्यांतले काय खरे ते कळत नाही. पाच-सहा दिवसांनी एकदाच आणि काही नवे सांगण्यासारखे असेल तरच लिहावे, उदाहरणार्थ, नमुन्याची खोकी पुढच्या आठवड्यात कणकवलीला येत आहेत, एवढे. त्यानंतरही शांतता असेल तर ती नकारच समजावी. मध्यस्थाला मध्ये घालून 'त्यांना उत्तर द्यायला सांगा' म्हणू नये, कारण त्याने त्याची पत एकदा खर्च केलेली असते.

'नको' आले तर एका ओळीत आभार मानून तो नंबर कारखान्याच्या यादीत 'मेसेज नको' अशा खुणेनिशी नोंदवावा. पुसून टाकला तर अडचण होते: पुढच्या हंगामात नवा विक्रेता येतो, तोच नंबर पुन्हा कुठून तरी मिळवतो आणि नकार दिलेल्या बागायतदाराच्या फोनवर त्याच कारखान्याचे 'हाय सर' पुन्हा वाजते.