ड्रोन सतरंजीवरून का घसरतो?

मागच्या लेखानंतर एकाने विचारलं, "घरात जीपीएस मिळत नाही, मग ड्रोन एका जागी थांबतो कसा?" उत्तर द्यायला मी जळगावच्या घरातल्या हॉलचंच उदाहरण घेतो, कारण तिथेच माझी फजिती झाली.

ड्रोनच्या पोटाखाली दोन वस्तू असतात. एक छोटा कॅमेरा, म्हणजे ऑप्टिकल फ्लो सेन्सर. तो खालची फरशी किती वेगाने सरकतेय ते बघतो. दुसरा रेंजफाइंडर, तो जमिनीपासूनचं अंतर मोजतो. दोन्ही का लागतात? आगगाडीच्या खिडकीतून बघा: रुळाजवळचे खांब सपासप मागे जातात, लांबचा डोंगर मात्र हलत नाही. कॅमेऱ्याला फक्त कोनाचा वेग कळतो. खरा वेग हवा तर उंचीने गुणावं लागतं:

```
v = (flow - gyro) * h
```

gyro वजा करायचं कारण असं, की ड्रोन जागच्या जागी नुसता कलला तरी चित्र सरकतं. समजा, उरलेला फ्लो सेकंदाला ०.२ रेडियन आहे आणि उंची १.५ मीटर, तर वेग ०.३ मीटर प्रतिसेकंद. ड्रोन त्याच्या उलट दिशेला कलून स्वतःला थांबवतो.

आता फजिती. आमच्या हॉलची फरशी पांढरी, गुळगुळीत. तिच्यावर कॅमेऱ्याला धरायला काही खूणच सापडेना. स्क्रीनवर opt_qua हा आकडा पार खाली आला आणि ड्रोन भिंतीकडे निघाला. हे तरी लगेच कळतं. म्हणून मी मोठी, लांब पट्ट्यांची सतरंजी अंथरली. opt_qua छान वर गेला, तरीही ड्रोन हळूहळू सरकतच होता!

दोन दिवस मी सेटिंग्ज उपसत बसलो. मग लक्षात आलं, की तो नेहमी पट्ट्यांच्याच दिशेने सरकतो. सतरंजी काटकोनात फिरवली, तर सरकण्याची दिशाही फिरली. म्हणजे दोष ड्रोनचा नव्हताच. पट्ट्यांना आडवं गेलं की काळं-पांढरं बदलतं आणि कॅमेऱ्याला कळतं. पट्टीच्या लांबीने गेलं तर चित्र जसंच्या तसं राहतं. त्याला वाटतं, आपण थांबलोच आहोत. सेन्सरला 'दिसतंय' याचा अर्थ दोन्ही दिशा दिसताहेत असा नाही, आणि तो आकडा हे सांगत नाही.

शेवटी आईची गोधडी काढली. वेगवेगळ्या कापडांचे तुकडे, कुठलंच ठिगळ दुसऱ्यासारखं नाही. कॅमेऱ्याला याहून चांगलं काय हवं? तिची टोकं मात्र वजनाखाली दाबा. पंख्यांच्या वाऱ्याने कापड हललं, तर ड्रोनला वाटतं आपणच सरकलो, आणि तो गोधडीच्या मागे धावतो.

एवढं करूनही एक मर्यादा उरतेच. हा सेन्सर वेग सांगतो, जागा नाही. वेगात सेकंदाला २ सेंटिमीटरची चूक राहिली, तरी मिनिटाभरात ड्रोन १.२ मीटर हललेला असतो. आमच्या हॉलमध्ये तेवढ्यात टीव्ही येतो.